मध आणि साखर: रचना, गोडी व रक्तशर्करेवरील परिणाम

मध आणि साखर हे आहारात गोडीसाठी वापरले जाणारे दोन पदार्थ आहेत. साखर ऊस किंवा बीट यांच्या रसापासून शुद्ध करून मिळवली जाते. मध हा मधमाश्यांनी फुलांतील मकरंदावर प्रक्रिया करून पोळ्यात साठवलेला दाट द्रव असतो. मध नैसर्गिक असल्यामुळे तो रक्तातील साखर वाढवत नाही किंवा मधुमेही व्यक्तीने साखरेऐवजी मध घेतल्यास अपाय होत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. या दोन पदार्थांतील रासायनिक फरक खरा आहे, परंतु रक्तशर्करेच्या दृष्टीने तो पुष्कळ लहान आहे. तुलना समान वजनाची, समान चमच्यांची की समान गोडीची, यावर तिचा निष्कर्ष अवलंबून असतो.

== रचना ==

दाणेदार पांढरी साखर जवळजवळ संपूर्णपणे सुक्रोज या एकाच शर्करेची बनलेली असते. सुक्रोजच्या प्रत्येक रेणूत ग्लुकोज (द्राक्षशर्करा) आणि फ्रुक्टोज (फलशर्करा) यांचा एकेक रेणू परस्परांशी जोडलेला असतो. हा बंध तुटल्याशिवाय शरीराला साखर शोषून घेता येत नाही. लहान आतड्याच्या आतील अस्तरावर असलेले सुक्रेज हे विकर तो बंध काही क्षणांत तोडते आणि दोन्ही घटक सुटे होतात.

मधात हेच काम मधमाशीने आधीच केलेले असते. मकरंदात मुख्यतः सुक्रोजचे पातळ द्रावण असते. माशी आपल्या मधुपोटीत मकरंद साठवताना त्यात इन्व्हर्टेज हे विकर मिसळते, आणि पोळ्यात पोहोचल्यावर पंखांच्या वाऱ्याने त्यातील पाणी उडवले जाते. पक्व मधात साधारणपणे ३८ टक्के फ्रुक्टोज, ३१ टक्के ग्लुकोज, १७ टक्के पाणी, सुमारे १ टक्का सुक्रोज आणि ७ ते ८ टक्के माल्टोज व तत्सम इतर शर्करा असतात. उरलेल्या अल्प भागात सेंद्रिय आम्ले, खनिजे, विकरे, परागकण आणि सुगंधी द्रव्ये येतात. फुलोऱ्याप्रमाणे व हवामानाप्रमाणे हे प्रमाण बदलते. सातेरी माशीच्या मधात पाण्याचा अंश बहुधा अधिक असतो.

म्हणजेच साखर आणि मध या दोहोंतून अखेरीस रक्तात जाणाऱ्या मुख्य शर्करा त्याच दोन असतात. भेद एवढाच की साखरेत त्यांचे प्रमाण समसमान असते, तर मधात फ्रुक्टोज किंचित अधिक असते व जवळपास सहावा हिस्सा पाण्याचा असतो. या पाण्यामुळेच १०० ग्रॅम मधातून सुमारे ३०४ किलोकॅलरी मिळतात, तर तेवढ्याच साखरेतून ३९० ते ४०० किलोकॅलरी मिळतात.

मधातील खनिजांचा उल्लेख वारंवार केला जातो. १०० ग्रॅम मधात सुमारे ५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. एका चमच्यातून मिळणारे पोटॅशियम ३ ते ४ मिलिग्रॅम भरते. प्रौढ व्यक्तीची दैनंदिन गरज काही हजार मिलिग्रॅमची असल्यामुळे पोषणाच्या हिशेबात ही मात्रा नगण्य ठरते.

== गोडी ==

सुक्रोजची गोडी १ मानली, तर ग्लुकोजची गोडी सुमारे ०.७ असते. थंड द्रावणात फ्रुक्टोजची गोडी १.२ ते १.७ या दरम्यान आढळते. फ्रुक्टोज १.४ धरून वरील रचनेप्रमाणे हिशेब केला, तर मधाची गोडी ०.८ च्या आसपास येते. याचा अर्थ वजनास वजन घेतल्यास मध साखरेपेक्षा थोडा कमी गोड असतो.

मध साखरेपेक्षा गोड असतो हा सर्वसाधारण अनुभवही चुकीचा नाही. त्याचे कारण वजनात आहे. मध पाण्याच्या सुमारे १.४ पट जड असतो. त्यामुळे ५ मिलिलिटरच्या चमच्यात ७ ग्रॅम मध मावतो, तर सपाट भरलेल्या तेवढ्याच चमच्यात साखर केवळ ४ ग्रॅम मावते, कारण साखरेच्या दाण्यांमध्ये हवा असते. म्हणून चमच्यास चमचा तुलना केल्यास मध साधारण १.४ पट गोड लागतो.

फ्रुक्टोजची गोडी तापमानाप्रमाणे घटते. द्रावणात फ्रुक्टोजचा रेणू निरनिराळ्या रूपांत असतो आणि त्यांपैकी एक रूप विशेष गोड असते. उष्णता वाढली की या रूपाचे प्रमाण कमी होते. ४० अंश सेल्सियसच्या सुमारास फ्रुक्टोज साखरेइतकेच गोड लागते आणि ६० अंशांस त्याहूनही कमी. त्यामुळे थंड सरबतात थोडा मध पुरतो, पण गरम चहात तेवढीच गोडी आणण्यासाठी अधिक मध घालावा लागतो.

== रक्तशर्करेवरील परिणाम ==

जेवणानंतर रक्तातील साखर वाढते ती प्रामुख्याने ग्लुकोजमुळे. ग्लुकोज आतड्यातून थेट रक्तात येते आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्याची सूचना मिळते. फ्रुक्टोज तुलनेने सावकाश शोषले जाते आणि त्याचा मोठा भाग यकृतातच वापरला जातो. म्हणून फ्रुक्टोजने रक्तशर्करा फारशी वाढत नाही. मात्र हा केवळ लाभ नव्हे. फ्रुक्टोजचे सेवन दीर्घकाळ अतिरेकी असल्यास यकृत त्याचे रूपांतर मेदात करते आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढू शकतात.

=== ग्लायसेमिक निर्देशांक ===

एखाद्या पदार्थातील कर्बोदके रक्तशर्करा किती वाढवतात, हे ग्लायसेमिक निर्देशांकाने दर्शवले जाते. चाचणीसाठी उपाशीपोटी व्यक्तीस साधारणपणे ५० ग्रॅम कर्बोदके मिळतील एवढा पदार्थ देतात आणि दोन तासांत ठरावीक अंतराने रक्त तपासतात. रक्तशर्करेच्या आलेखाखालील क्षेत्रफळाची तुलना तेवढ्याच शुद्ध ग्लुकोजने येणाऱ्या क्षेत्रफळाशी केली जाते. ग्लुकोजचा निर्देशांक १०० धरला, तर साखरेचा सुमारे ६५ आणि विविध मधांची सरासरी सुमारे ६१ येते.

निरनिराळ्या मधांचे निर्देशांक मात्र सुमारे ३० पासून ८० च्या पुढेपर्यंत नोंदले गेले आहेत. फ्रुक्टोज अधिक असलेल्या मधाचा निर्देशांक कमी असतो. युरोपात अकेशिया या नावाने विकला जाणारा रोबिनिया वृक्षाचा मध हे याचे परिचित उदाहरण आहे. असा मध दीर्घकाळ पातळ राहतो, कारण मधात रवा धरतो तो ग्लुकोजचा. रवाळ झालेला मध भेसळीचाच असतो ही समजूत त्यामुळे निराधार आहे. सर्वसाधारण बाटलीवर निर्देशांक छापलेला नसतो आणि अनेकदा आतील मध निरनिराळ्या फुलोऱ्यांचा मिश्र असतो. म्हणून सरासरीच्या आधारे विशिष्ट बाटलीविषयी निश्चित विधान करता येत नाही.

=== एका चमच्याचा हिशेब ===

ग्लायसेमिक निर्देशांकात पदार्थाची मात्रा धरलेली नसते. प्रत्यक्ष खाल्ल्या जाणाऱ्या मात्रेचा परिणाम समजण्यासाठी निर्देशांकास कर्बोदकांच्या वजनाने गुणून १०० ने भागतात. येणाऱ्या संख्येला ग्लायसेमिक भार म्हणतात. एका चमच्याचा हिशेब पुढीलप्रमाणे येतो.

| बाब | मध, १ चमचा | साखर, १ सपाट चमचा |
|---|---|---|
| वजन | ७ ग्रॅम | ४ ग्रॅम |
| एकूण शर्करा | सुमारे ५.७ ग्रॅम | ४ ग्रॅम |
| ऊर्जा | सुमारे २१ किलोकॅलरी | सुमारे १६ किलोकॅलरी |
| ग्लायसेमिक निर्देशांक | ६१ | ६५ |
| ग्लायसेमिक भार | ३.५ | २.६ |

निर्देशांक कमी असूनही मधाच्या चमच्याचा भार अधिक आहे. चहात एक चमचा साखरेऐवजी एक चमचा मध घेणारी व्यक्ती रक्तशर्करेवरील ताण कमी न करता वाढवते.

समान वजनाची तुलना केल्यास चित्र उलटते. १० ग्रॅम मधाचा भार सुमारे ५ व १० ग्रॅम साखरेचा ६.५ येतो. हा फरक बहुतांशी मधातील पाण्यामुळे पडतो. समान गोडीची तुलना सर्वांत उपयुक्त आहे, कारण गोडीसाठीच हे पदार्थ वापरले जातात. थंड पेयात ४ ग्रॅम साखरेची गोडी सुमारे ५ ग्रॅम मधातून मिळते. त्यात ४.२ ग्रॅम शर्करा असून भार २.६ येतो, म्हणजे साखरेइतकाच. गरम चहात त्याच गोडीसाठी जवळजवळ पूर्ण चमचा मध लागतो आणि भार पुन्हा ३.५ च्या आसपास जातो.

== मधुमेह आणि मध ==

अमेरिकेत झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ व्यक्तींना दोन-दोन आठवडे दररोज मध, साखर आणि मक्यापासून बनवलेला फ्रुक्टोजयुक्त पाक यांतून प्रत्येकी ५० ग्रॅम कर्बोदके देण्यात आली. तिन्ही पदार्थांचे रक्तशर्करेवरील परिणाम सारखेच आढळले. इराणमध्ये मधुमेही रुग्णांवर झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ आठवड्यांच्या चाचणीत मध घेणाऱ्या गटाचे वजन व रक्तातील काही मेद घटले, पण एचबीए१सी वाढले. मागील दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दर्शवणारी ही तपासणी असल्यामुळे त्या चाचणीच्या संशोधकांनी मधुमेहींना मध जपून घेण्याचा सल्ला दिला.

महाराष्ट्रात महाबळेश्वर परिसरातील जांभळाचा मध प्रसिद्ध आहे. जांभळाची बी मधुमेहावर पारंपरिक औषध म्हणून वापरली जात असल्याने हा मधही मधुमेहींना चालतो असे मानले जाते. परंतु मध जांभळाच्या फुलांतील मकरंदापासून बनतो, बीपासून नव्हे. इतर मधांप्रमाणे त्यातही ग्लुकोज व फ्रुक्टोज याच मुख्य शर्करा असतात. त्यामुळे मधुमेही व्यक्तीने तो घेतल्यास त्यातील कर्बोदके साखरेप्रमाणेच दिवसाच्या हिशेबात धरावी लागतात.

जागतिक आरोग्य संघटना मधातील शर्करांची गणना साखरेबरोबर 'मुक्त शर्करा' या वर्गात करते. संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार मुक्त शर्करांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. दिवसाला २००० किलोकॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी ही मर्यादा ५० ग्रॅम शर्करांची होते.

रक्तशर्करा धोकादायक रीतीने खाली गेल्यास मध किंवा साखर दोन्ही उपयोगी पडतात. शुद्धीवर असलेल्या व गिळू शकणाऱ्या व्यक्तीस सुमारे १५ ग्रॅम शर्करा देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करतात. ही मात्रा साधारण एका मोठ्या चमच्याभर मधातून मिळते. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात मध किंवा साखरपाणी घालू नये, कारण ते श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो.

== अन्य सावधगिरी ==

एक वर्षाखालील बालकांना मध देत नाहीत. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते बालकाच्या अपरिपक्व आतड्यात वाढून विष निर्माण करतात व त्यामुळे स्नायू दुर्बल होतात. साखरेबाबत हा धोका नाही. नवजात बालकास मध चाटवण्याची प्रथा या कारणामुळे धोक्याची ठरते.