कपाटात राहिलेला डीडी

समजा, परभणीच्या एका वडिलांनी मुलीच्या प्रवेशासाठी 10 जूनला 32,000 रुपयांचा डिमांड ड्राफ्ट काढला. प्रवेश दुसरीकडेच झाला आणि डीडी कपाटात राहिला. ऑक्टोबरमध्ये तो सापडला, तेव्हा शिळा झालेला होता. 1 एप्रिल 2012 पासून डीडीची मुदत तारखेपासून तीनच महिने असते.

पैसे बुडाले का? नाही. डीडी काढतानाच बँक रक्कम कापून घेते. म्हणून तर चेकसारखा तो शिल्लक नसल्याने परत येत नाही, आणि म्हणूनच काही महाविद्यालये नि टेंडरवाले अजून तोच मागतात.

मूळ डीडी हातात असल्याने वडिलांचे काम सोपे आहे. काढलेल्या शाखेत अर्ज, ओळखपत्र आणि मूळ डीडी द्यायचा. रद्द करण्याचे शुल्क वजा होऊन पैसे खात्यात येतात. महाविद्यालयाला तो अजून हवा असता, तर त्याच शाखेत मुदत वाढवून मिळाली असती.

हरवला असता, तर मात्र खरी कटकट. डीडी ही बँकेचीच हमी, त्यामुळे नुसत्या फोनवर पैसे थांबत नाहीत. आधी शाखेला लेखी कळवायचे. तो वटलेला नाही याची बँक खात्री करते, मग नुकसानभरपाईचे हमीपत्र लिहून घेऊन दुय्यम प्रत देते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार ही प्रत पंधरा दिवसांत मिळायला हवी.

डीडीची झेरॉक्स काढून ठेवणारे फार थोडे. शाखेत पहिल्यांदा विचारतात तो त्यावरचाच नंबर.