प्लग काढल्यावरची तीन मिनिटं

कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय बंद पडला की दुकानातला कारागीर आधी प्लग काढतो, डबा उघडतो, पण आत लगेच हात घालत नाही. त्यात अंगठ्याहून जाड, नळकांड्यासारखा एक कपॅसिटर असतो. घरातल्या २३० व्होल्टचं डीसी झालं की तो साधारण ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज होतो, आणि प्लग काढला म्हणून तो रिकामा होत नाही.

त्यात असतं तरी किती? कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरडचा धरू. साठलेली ऊर्जा म्हणजे ½CV², इथे सुमारे २५ ज्यूल. एक किलो साखरेची पिशवी अडीच मीटर उचलायला एवढीच लागते. ऐकायला किरकोळ, पण बोटांतून क्षणात गेली तर चांगलाच दणका बसतो.

ही ऊर्जा जिरवायला कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये एक रेझिस्टर कायमचा जोडलेला असतो. त्याला ब्लीडर म्हणतात. आपण तो २२० किलोओहमचा धरू. व्होल्टेज जास्त असताना त्यातून करंट जास्त वाहतो आणि व्होल्टेज भराभर उतरतं. उतरलं की करंटही घटतो आणि उतरण्याचा वेग मंदावतो. म्हणून सारख्या वेळात व्होल्टेज सारख्या व्होल्टनी कमी होत नाही, सारख्या पटीने कमी होतं. ही चाल ठरते R आणि C यांच्या गुणाकारावर. आपल्या उदाहरणात तो १०३ सेकंद येतो आणि एवढ्या वेळात व्होल्टेज मूळच्या ३७ टक्क्यांवर येतं.

ऊर्जा मात्र व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. व्होल्टेज निम्मं झालं की ऊर्जा पावच उरते. त्यामुळे ऊर्जा दुप्पट चालीने घटते आणि सूत्रात RC च्या खाली २ येतो:

t = (RC/2) × ln(1/f)

f म्हणजे मूळ ऊर्जेपैकी किती हिस्सा उरायला हवा तो अपूर्णांक. ln चं बटण कुठल्याही सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर असतं. निम्म्या ऊर्जेसाठी f = ०.५, ln(2) म्हणजे ०.६९, आणि उत्तर ३६ सेकंद. आणखी ३६ सेकंदांनी पाव, पुढच्या ३६ नी एक अष्टमांश.

इथेच फसायला होतं. ७२ सेकंदांनी तीन चतुर्थांश ऊर्जा गेलेली असते, पण व्होल्टेज अजून १६२ असतं. ऊर्जा एक टक्क्यावर यायला चार मिनिटं लागतात, तेव्हाही ३२ व्होल्ट शिल्लक असतात. म्हणून कारागिराने मोजायला घ्यावं व्होल्टेज. समजा आपल्याला ५० च्या खाली जायचंय. ५० भागिले ३२५, त्याचा वर्ग ०.०२४, हाच आपला f. सूत्रात घातला की १९४ सेकंद मिळतात, म्हणजे सव्वातीन मिनिटं.

ब्लीडर आणखी लहान लावला तर वाट कमी पाहावी लागेल, हे खरं. पण सप्लाय चालू असतानाही तो सारखी वीज खातच असतो. २२० किलोओहमलाच अर्धा वॉट जातो. २२ किलोओहम लावला तर ४.८ वॉटची शेगडी डब्यात बसवल्यासारखं होईल.

चालू स्थितीतल्या सप्लायचा प्लग काढला तर आतलं सर्किटच कपॅसिटरमधली बरीचशी ऊर्जा ओढून घेतं. दुरुस्तीला आलेल्या सप्लायमध्ये नेमकं तेच सर्किट मेलेलं असतं, म्हणून बंद पडलेला डबा जास्त दगाबाज. त्यात ब्लीडरही तुटलेला असला तर सगळाच हिशोब फुकट. हे मल्टिमीटरवर दिसतं. प्लग काढून मिनिटभराने ब्लीडर शाबूत असेल तर १८० च्या आसपास आकडा यायला हवा. (कपॅसिटर छापील किमतीपेक्षा वीस टक्के इकडेतिकडे असू शकतो, तेवढी सूट द्यावी.) ३२० दिसत असतील तर ब्लीडर गेला. मग ऊर्जा जिरते ती मुख्यतः मीटरमधूनच. त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे ऊर्जा निम्मी व्हायलाच सत्तावीस मिनिटं.

अशा वेळी काहीजण स्क्रू ड्रायव्हरने दोन टोकं जोडतात. ठिणगी उडते, टोक वितळतं, कपॅसिटरलाही ते मानवत नाही. त्यापेक्षा २.२ किलोओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावावा. RC एक सेकंदावर येतो आणि अडीच सेकंदांत ऊर्जा एक टक्क्याखाली. दहा सेकंद तसाच ठेवून काढावा आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजावं, कारण आतल्या इन्सुलेशनमध्ये मुरलेला चार्ज हळूहळू बाहेर येतो आणि शून्यावर आलेला आकडा काही व्होल्टनी परत वर चढतो.