आधी अंदाज, मग वजनकाटा

वजन कमी करायचे ठरले की पहिला प्रश्न येतो, दिवसाला किती कॅलरी खायच्या? मोबाईलवर वय, उंची आणि वजन टाकले की एक आकडा मिळतो आणि तोच आपला आकडा असे आपण धरून चालतो. तो कसा निघतो, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, अंबरनाथला राहणारे आणि मुंबईत हिशोबाचे काम करणारे एक गृहस्थ आहेत. वय 35, उंची 168 सेंटिमीटर, वजन 82 किलो. नुसते पडून राहिले तरी श्वास, हृदय, मेंदू यांना ऊर्जा लागते. तिचा अंदाज 1990 साली अमेरिकेत मांडलेल्या मिफ्लिन-सेंट जोर सूत्राने काढतात. वजनाला 10 ने गुणा, उंचीला 6.25 ने गुणा आणि दोन्हींची बेरीज करा. त्यातून वयाची पाचपट वजा करा. शेवटी पुरुषासाठी 5 मिळवा, स्त्रीसाठी 161 वजा करा. आपल्या गृहस्थांचा हिशोब असा: 820 अधिक 1050, वजा 175, अधिक 5, म्हणजे 1700 कॅलरी.

आता हालचालीचा गुणक लावायचा. बैठ्या दिनक्रमाला 1.2, थोड्या हालचालीला 1.375 आणि मध्यम हालचालीला 1.55. खरी गफलत इथेच होते. सकाळच्या लोकलमध्ये तासभर उभे राहून माणूस थकतो, म्हणून त्याला आपण फार हालचाल करतो असे वाटते. पण दमणूक आणि ऊर्जेचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गर्दीत उभे राहण्याला चालण्याइतकी ऊर्जा लागत नाही. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात मशिनवर दिवसभर बसून शिवणारा आणि तिथेच कापडाचे गठ्ठे वाहणारा, दोघेही संध्याकाळी सारखेच थकलेले असतात. गुणक मात्र एक नसतो. म्हणून दिवसभरात पाय किती चालले आणि ओझे किती उचलले, एवढेच पाहावे.

आपले गृहस्थ 1.2 धरतील तर 2040 येतात, 1.375 धरतील तर सुमारे 2340 आणि 1.55 धरतील तर 2635. एकाच माणसाचे हे तीन आकडे. पहिल्या आणि तिसऱ्यात जवळजवळ 600 कॅलरींचा, म्हणजे एका बऱ्यापैकी जेवणाचा फरक. शिवाय हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पद्धतीत बैठ्या माणसाचा गुणक 1.4 धरला आहे. त्यामुळे सूत्राचा आकडा हा सुरुवातीचा अंदाज समजावा, निकाल नव्हे.

निकाल वजनकाटा देतो. गृहस्थांनी मधला आकडा घेतला आणि तीन आठवडे रोज खाल्लेले लिहून ठेवले. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन केले. एका दिवसाच्या वजनावर भरवसा ठेवता येत नाही, कारण रात्री खारट सालन किंवा बिर्याणी खाल्ली की दुसऱ्या दिवशी पाण्यामुळेच काटा वर जातो. म्हणून आठवड्याची सरासरी घ्यावी. त्यांची पहिल्या आठवड्याची सरासरी 81.9 किलो आली, तिसऱ्याची 82.3. म्हणजे 14 दिवसांत 400 ग्रॅम वाढ. किलोमागे ढोबळमानाने 7700 कॅलरी धरल्या, तर ही वाढ 3080 कॅलरींची, म्हणजे दिवसाला 220. वहीप्रमाणे खाणे सरासरी 2300 होते. त्यातून 220 वजा केले की 2080 उरतात. त्यांचा खरा खर्च याच्या आसपास आहे. वजन उतरवायचे असेल तर यातून 300 कमी करून सुमारे 1780 वर यावे आणि पुन्हा तीन आठवडे काटा पाहावा. वजन उतरत गेले की शरीराचा खर्चही घटतो, म्हणून काही महिन्यांनी हा हिशोब नव्याने करावा.

वहीत सगळ्यात जास्त निसटते ते तेल. एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास 120 कॅलरी. घरात एकाच पातेल्यात सालन शिजते, तेव्हा पातेल्यात किती तेल पडले ते मोजून खाणाऱ्यांत वाटून लिहावे. साखरेचा चहाही लिहावा. थोडे राहून गेले, पण दर आठवड्याला तितकेच राहत असेल, तर बिघडत नाही; काटा त्या चुकीसह हिशोब जुळवून देतो. चूक आठवड्यागणिक बदलली की मात्र आकडा कामाचा राहत नाही.

याच कारणाने ही चाचणी रमजानमध्ये किंवा ईदच्या आठवड्यात करू नये. तेव्हा जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा बदलतात, शरीरातले पाणी दिवसभर कमीजास्त होते आणि काटा चरबीपेक्षा पाणीच जास्त दाखवतो. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बहिणींनी, वाढत्या मुलांनी आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी कॅलरी घटवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांना एक वही, एक काटा आणि तीन आठवडे पुरतात.