मुदतीचा दिवस कोणता?

मंडळी, ओव्यात बसून आज आपण एका साध्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. तक्रार आली, काही दिवसांनी मिटली. ती मुदतीत मिटली का? नोंदीत दोन्ही वेळा आहेत. मग वजाबाकी केली की झालं, असं आपल्याला वाटतं. पण "दोन कामाच्या दिवसांत" असं वचन दिलेलं असलं, की वजाबाकीआधी ठरवावं लागतं, दिवस कशाला म्हणायचं. सूर्य उगवला म्हणून कामाचा दिवस होत नाही. तो कोणीतरी जाहीर केलेला असतो.

एक खरी घटना घेऊ. २०२५ साली ईद-ए-मिलादची सुट्टी ५ सप्टेंबर, शुक्रवारी होती. दुसऱ्याच दिवशी अनंत चतुर्दशी. म्हणून राज्य शासनाने मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती ही सुट्टी ८ सप्टेंबर, सोमवारी नेली. बाकी महाराष्ट्रात ती ५ तारखेलाच राहिली. आपलं ओवे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. खाडीच्या अलीकडे शुक्रवारी सुट्टी, पलीकडे सोमवारी!

आता समजा, ओव्यातल्या एका सोसायटीने गटार तुंबल्याची तक्रार शुक्रवारी ५ तारखेला सकाळी दहाला नोंदवली. ती बुधवारी १० तारखेला दुपारी चारला मिटली. मुदत दोन कामाच्या दिवसांची. नियम असा धरू की नोंदणीचा दिवस मोजायचा नाही, दुसऱ्या दिवसापासून मोजायचं. रायगडची यादी लावली तर शनिवार-रविवार गेले. सोमवार, मंगळवार, बुधवार, असे तीन दिवस झाले. मुदत चुकली. पण अहवाल मुंबईच्या मुख्यालयात तयार झाला आणि तिथली यादी लागली, तर सोमवारही गेला. उरले मंगळवार, बुधवार. मुदत पाळली! गटार तेच, नोंदही तीच.

इथेच थांबून चालत नाही. काही ठिकाणी नियम असा असतो की सुट्टीच्या दिवशी आलेली तक्रार पुढच्या कामाच्या दिवशी आली असं धरायचं. मग रायगडच्या यादीनेही ती सोमवारी आली, सोमवार मोजायचा नाही, आणि उत्तर पुन्हा दोन येतं. म्हणजे बघा, आकड्यामागे दोन ठराव आहेत: यादी कोणत्या जिल्ह्याची आणि मोजणी कुठून सुरू. हे दोन्ही अहवालाच्या माथ्यावर लिहिलेले नसतील, तर टक्केवारी वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

एक्सेलमध्ये हे काम `NETWORKDAYS` करतं. पण ते पहिला आणि शेवटचा, दोन्ही दिवस धरतं. सोमवारी आलेली तक्रार मंगळवारी मिटली तर ते दोन सांगतं, आपल्या नियमाने एकच. म्हणून सुरुवात एक दिवस पुढे ढकलायची. मात्र त्याच दिवशी मिटलेल्या तक्रारीत मग सुरुवात शेवटाच्या पुढे जाते आणि उत्तर ऋण येतं. म्हणून ती वेगळी काढायची:

```
=IF(INT(B2)=INT(A2),0,NETWORKDAYS(A2+1,B2,H$2:H$30))
```

A मध्ये नोंदणी, B मध्ये निराकरण, H मध्ये सुट्ट्या. शनिवार-रविवार ते आपोआप वगळतं. हाताने सुट्ट्या वजा करणाऱ्याची चूक इथे टळते. २०२५ चा प्रजासत्ताक दिन रविवारी होता. हाताने तो एकदा रविवार म्हणून आणि एकदा सुट्टी म्हणून, असा दोनदा वजा होतो. दुसरी चूक मात्र हे सूत्र पकडत नाही. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर 05/09/2025 हे ९ मे होतं. सुट्टी मे महिन्यात जाते, आणि कुठेही लाल खूण येत नाही. म्हणून यादीशेजारी महिन्याच्या नावाचा रकाना ठेवावा, आणि माहीत असलेली एक तक्रार आधी बोटांवर मोजून पाहावी.

आता शेवटचं, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचं. आपल्या या तक्रारीत सांडपाणी पाच दिवस आणि सहा तास दारात होतं. कोणतीही यादी लावा, हा आकडा बदलत नाही. सुट्टी कर्मचाऱ्याला असते, तुंबलेल्या गटाराला नसते. म्हणून सुट्ट्या वगळणं लबाडी आहे का? नाही. जे वचन दिलं, त्याच मापाने ते तपासायला हवं. पण "वचन पाळलं" आणि "लोकांचा त्रास किती दिवस चालला" ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं खरं म्हणून दुसरं लहान होत नाही. तेव्हा अहवालात दोन रकाने शेजारी शेजारी असावेत, कामाचे दिवस आणि घड्याळाचे दिवस. जोडून आलेल्या सुट्ट्यांत हे दोन आकडे फार लांब जायला लागले, तर सुट्टीच्या दिवशीही माणूस कुठे ठेवायला हवा, हे तोच अहवाल आपल्याला सांगतो.