सात दिवसांची ऑफर, महिन्याभराचा हिशेब

26 जानेवारी 2006 रोजी बिग बझारने देशभरातल्या आपल्या दुकानांत ‘सबसे सस्ता दिन’ जाहीर केला. गर्दी इतकी उसळली की काही ठिकाणी दारे बंद करावी लागली, पोलीस बोलवावे लागले. पुढच्या वर्षांत हाच एक दिवस अनेक दिवसांवर पसरवला गेला. सवलतीला लोक येतात हे त्या दिवशी सिद्ध झालेच, पण किती येतील आणि काय उचलतील याचा अंदाज किती अवघड असतो, हेही दिसले. मोठ्या साखळीची ही गत, तर तालुक्याच्या गावातल्या एखाद्या किराणा मार्टची काय कथा? तिथे मालकाला एका फोनवर ठरवायचे असते, पेट्या पाच सांगायच्या की दहा.

असेच एक मार्ट डोळ्यांसमोर ठेवू. 15 ऑगस्टच्या आठवड्यात, सोमवार ते रविवार, एक किलोच्या धुण्याच्या पावडरीवर ऑफर आहे. पुड्यावर एमआरपी 120 रुपये, एरवीची विक्री 114 ला, ऑफरमध्ये 96. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण हिशेबाची रीत कुठल्याही दुकानाला लागू पडेल.

पहिले काम म्हणजे ऑफर नसताना खप किती, हे शोधणे. बिलिंगच्या संगणकातून गेल्या आठ आठवड्यांचे आकडे काढले, तर ते असे निघाले: 58, 63, 60, 22, 61, 162, 59, 62. सरळ सरासरी काढली तर 68 येते आणि इथेच पहिली चूक होते. ज्या आठवड्यात 22 पुडे गेले, त्यात चार दिवस मालच नव्हता. गिऱ्हाईक येऊन परत गेले. 162 च्या आठवड्यात जवळच्या वसतिगृहाने एकदम शंभर पुडे उचलले होते. हे दोन आठवडे बाजूला ठेवले की उरलेले सगळे साठाच्या आसपास आहेत. म्हणजे नेहमीचा खप आठवड्याला 60.

आता ऑफरमुळे तो किती पट होईल? यासाठी मागची तशीच ऑफर हाच खरा आधार. गेल्या दिवाळीत याच पावडरीवर एवढीच सूट होती. तेव्हा नेहमीचा खप 50 होता आणि ऑफरच्या आठवड्यात 150 पुडे गेले. तिप्पट, असे म्हणून मोकळे होता येते. पण या दीडशेत दोन गोष्टी मिसळल्या आहेत. एक म्हणजे दिवाळीची आवराआवर. त्या आठवड्यात फिनेल, भांड्यांचा साबण अशा ऑफर नसलेल्या वस्तूही सव्वापट खपल्या होत्या. म्हणजे सूट नसती तरी पावडर 62 पर्यंत गेलीच असती. दुसरी गोष्ट उलट बाजूची. पावडर शनिवारी संध्याकाळीच संपली होती. या दुकानात आठवड्याच्या विक्रीचा पाचवा हिस्सा रविवारी होतो. तो धरला तर खरी मागणी दीडशे नव्हे, 187 च्या घरात होती. 187 ला 62 ने भागले की तीन येतात. उत्तर पुन्हा तिप्पटच आले, पण ते योगायोगाने. दोन चुकांनी एकमेकींना झाकले होते. पुढच्या वेळी एकच चूक झाली, तर अंदाज चांगलाच फसेल.

आणखी एक पथ्य असे की, पावडरीचा ढीग तेव्हा दाराशीच रचला होता आणि वर मोठा फलक होता. यंदा ती आतल्या फळीवरच राहणार असेल, तर तिप्पट धरू नये. लोक सूट पाहून घेतात तसे समोर दिसले म्हणूनही घेतात. मांडणी तशीच ठेवणार असलो, तर यंदाचा अंदाज 60 गुणिले तीन, म्हणजे 180. तोही एकच आकडा म्हणून धरायचा नाही. मंदी असेल तर 140, तेजी असेल तर 220 अशा दोन टोकांमध्ये धरायचा.

इथवर बरेच दुकानदार येतात. पुढचा आठवडा मात्र क्वचितच कोणी बघते. गेल्या दिवाळीनंतरच्या चार आठवड्यांत, सणानंतरची एरवीची मंदी वजा केल्यावरही, पावडरीचा खप 30, 35, 42, 48 असा होता. नेहमीचा 50 धरला तर एकूण 45 पुडे कमी गेले. कारण साधे आहे. पावडर स्वस्त झाली म्हणून घरातले धुणे वाढत नाही. ज्या घरात महिन्याला दोन पुडे लागतात, त्या घराने ऑफरमध्ये चार नेऊन ठेवले आणि पुढचा महिना ते घर त्या फळीकडे फिरकले नाही. शिवाय ऑफरच्याच आठवड्यात याच कंपनीचे अर्धा किलोचे पुडे आणि शेजारची दुसरी पावडर मिळून साधारण वीस किलोने कमी खपली होती. सणामुळे अपेक्षित असलेल्या 62 पेक्षा ऑफरने 88 पुडे जास्त विकले. त्यातले 45 पुढच्या महिन्यातले उसने आणि 20 आपल्याच दुसऱ्या फळीवरचे. खरी वाढ 23 पुड्यांची.

यावरून ऑफर करूच नये असे ठरत नाही. पावडरीला आलेला माणूस तेल-साखरही नेतो. पण उरलेल्या मालाकडे बघायची नजर बदलते. ऑफर संपताना शंभर पुडे शिल्लक असले तर मालक म्हणतो, ‘आठवड्याला साठ जातात, दीड-पावणेदोन आठवड्यांत उडतील.’ ते उडत नाहीत. गेल्या वर्षीच्याच प्रमाणात खप उतरला, तर यंदाचे पुढचे आठवडे 36, 42, 50 असे जातील. शंभर पुड्यांना अडीच आठवडे लागतील.

म्हणून माल दोन हप्त्यांत मागवायचा. फळीवर आधीचे 40 पुडे आहेत, ते वजा करायला विसरायचे नाही. ऑफर संपल्यावर पुढची गाडी येईपर्यंत पुरावेत म्हणून साधारण 35 हाताशी हवेत. पेटीत 24 पुडे येतात. ऑफरच्या आधी चार पेट्या घेतल्या की एकूण 136 पुडे होतात. तेजी आली तरी तेवढे गुरुवारपर्यंत पुरतात. गेल्या वर्षीच्या बिलांवरून दिसते की बुधवार रात्रीपर्यंत आठवड्याच्या मागणीचा सुमारे 40 टक्के हिस्सा उरकतो. म्हणून दुसऱ्या हप्त्याचा निर्णय बुधवारी रात्री. तोवर 72 गेले असतील, तर अंदाज बरोबर. शुक्रवारच्या गाडीने आणखी तीन पेट्या सांगायच्या. 90 गेले असतील, तर मागणी सव्वादोनशेच्या वाटेवर आहे, म्हणून पाच पेट्या. 55 च गेले असतील, तर एकच पेटी पुरे. यात अट एकच, एजन्सीची गाडी शुक्रवारी नक्की येणार का, हे ऑफरच्या आधी विचारून ठेवायचे.

एजन्सीचा माणूस मात्र म्हणतो, ‘शेठ, एकदम दहा पेट्या उचला, वर दोन टक्के सोडतो.’ इथे विचारायचा प्रश्न असा, की कंपनीची सूट खरेदीच्या बिलातच मिळते की नंतर, विकलेल्या पुड्यांवर क्रेडिट नोटने? समजा खरेदीचा दर एरवी 100 आहे आणि ऑफरमध्ये 84. बिलातच 84 लागले असतील, तर उरलेले शंभर पुडे पुढे 114 ला विकून चांगले पैसे सुटतात. अडकतात ते 8400 रुपये आणि गोदामातली जागा. मात्र ऑगस्टच्या ओलीत फरशीवर ठेवलेल्या पावडरीचे गठ्ठे होतात, तेव्हा पेट्या फळकुटांवर, भिंतीपासून दूर ठेवायच्या. पण सूट ऑफरच्या मुदतीत विकलेल्या पुड्यांवरच मिळणार असेल, तर उरलेला प्रत्येक पुडा शंभरलाच पडला. मग दोन टक्क्यांसाठी दहा पेट्या अंगावर घेण्यात अर्थ नाही.

पावडर उरली तरी निदान टिकते. हाच हिशेब दसऱ्याच्या श्रीखंडाला लावला की उत्तर उलटे येते. अर्ध्या किलोचा डबा 110 ला घेतला आणि ऑफरमध्ये 130 ला विकला, तर 20 रुपये सुटतात. दसऱ्यानंतर उरलेला डबा मुदत भरत आली म्हणून 60 ला काढावा लागला, तर 50 रुपये जातात. फेकावाच लागला, तर खरेदीवर घेतलेला जीएसटीचा परतावाही कायद्याने उलटवावा लागतो, म्हणजे घाव आणखी खोल.

अशा वेळी सर्वांत संभाव्य आकडा मागवायचा नसतो. शास्त्रात या कोड्याला पेपरविक्याचे कोडे म्हणतात, कारण उरलेला पेपर उद्या रद्दीच असतो. विचार शेवटच्या डब्याचा करायचा. समजा मागणी निदान 70 डब्यांची असण्याची शक्यता दहात नऊ आहे, 80 ची दहात आठ, 90 ची निम्मी आणि 110 ची चारात एक. नव्वदावा डबा मागवला, तर निम्म्या वेळा 20 मिळतील आणि निम्म्या वेळा 50 जातील. तो सौदा तोट्याचा. 20 मिळवायला 50 पणाला लागत असतील, तर डबा खपण्याची शक्यता दहात सातपेक्षा जास्त हवी. म्हणून 80 वर थांबायचे. दसऱ्याला दुपारी श्रीखंड संपले आणि चार गिऱ्हाइके हात हलवत गेली, तरी हिशेब चुकलेला नसतो.

आता समजा एजन्सीने लिहून दिले की उरलेले डबे मुदतीच्या आत परत घेऊ, डब्यामागे 5 रुपये कापून. मग 20 मिळवायला फक्त 5 पणाला लागतात. पाचात एकदा खपण्याची आशा असली तरी डबा मागवणे परवडते आणि तोच दुकानदार बेधडक 110 डबे सांगू शकतो, फ्रीजमध्ये जागा असेल तर. मागणी तीच, ऑफर तीच. परतीच्या अटीने मागणीपत्रात तीस डब्यांचा फरक पडला. अंदाज बारीक करण्यात घालवलेल्या संध्याकाळीपेक्षा या अटीसाठी केलेला एक फोन जास्त कामाचा ठरतो.

ऑफर संपली की एका वहीत चार ओळी लिहून ठेवाव्यात: किती खपले, ढीग कुठे मांडला होता, पुढचे चार आठवडे खप किती राहिला आणि माल संपला असेल तर तो कोणत्या दिवशी, किती वाजता. पहिल्या तिन्ही गोष्टी बिलांवरून किंवा आठवणीने नंतरही सापडतात. शनिवारी संध्याकाळी फळी रिकामी झाली होती, हे मात्र बिलात दिसत नाही. तिथे दिसतो फक्त शून्य विक्रीचा रविवार. ती एक नोंद राहिली, तर पुढच्या वर्षी दुकानदार त्या रविवारी मागणीच नव्हती असे समजून पेट्या कमी सांगेल.