एलयूटी राहिलं, तरी परतावा मिळतो

परदेशी ग्राहकाला सेवा पुरवणाऱ्यांना जीएसटीत शून्य दर आहे. पोर्टलवर RFD-11 भरून हमीपत्र, म्हणजे एलयूटी, दिलं की कर न भरता बिल करता येतं. ते एका आर्थिक वर्षापुरतंच चालतं आणि एप्रिलमध्ये नव्याने द्यायचं राहून जातं. मग १८ टक्के आयजीएसटी खिशातून भरावा लागतो. पण हा दंड नव्हे. कर भरून निर्यात करणं हा कायद्यानेच दिलेला दुसरा मार्ग आहे आणि तो कर परत मिळतो.

समजा, पुण्यातल्या एका डिझायनरने जर्मनीतल्या कंपनीला ५ लाख रुपयांच्या कामाचं बिल केलं. कर झाला ९० हजार. लॅपटॉप, सॉफ्टवेअर यांवरचं १५ हजारांचं इनपुट क्रेडिट वापरून उरलेले ७५ हजार तिने रोख भरले. परतावा मात्र पूर्ण ९० हजारांचा मागता येतो आणि तो थेट बँकेत जमा होतो.

वस्तूंच्या निर्यातीत शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज धरतात. सेवेत तसं होत नाही, पोर्टलवर RFD-01 स्वतः भरावा लागतो. त्यासोबत बिलांचा तक्ता आणि परकीय चलन आल्याचा बँकेचा दाखला, म्हणजे एफआयआरसी, जोडायचा. पैसे पेमेंट कंपनीमार्फत येत असतील, तर हा दाखला लगेच मागून ठेवावा. अर्ज सहसा इथेच अडतो.

अडण्याचं दुसरं ठिकाण म्हणजे विवरणपत्रं. GSTR-1 मध्ये बिल ‘WPAY’, म्हणजे कर भरून निर्यात, असं दाखवलेलं हवं आणि GSTR-3B मध्ये रक्कम 3.1(b) या रकान्यात हवी. घाईत ती 3.1(a) मध्ये, देशांतर्गत विक्रीत जाते. मग कर भरलेला असूनही पोर्टल तेवढा परतावा मागू देत नाही. GSTR-1 मधलं बिल पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात दुरुस्त करता येतं, म्हणून अर्जाआधी दोन्ही शेजारी ठेवून ताळा घ्यावा.

मुदत दोन वर्षांची. काम आधी होऊन पैसे नंतर आले, तर ती पैसे आल्याच्या तारखेपासून मोजतात. पैसे आगाऊ आले असतील तर बिलाच्या तारखेपासून. अर्जात उणीव निघाली तर RFD-03 येतो आणि अर्ज नव्याने करावा लागतो. परिपूर्ण अर्जावर ६० दिवसांत आदेश व्हायला हवा. त्यापुढच्या उशिरावर सरकार ६ टक्के व्याज देणं लागतं.

एलयूटी उशिरा दिलं तरी निर्यातीचा लाभ केवळ त्या कारणाने नाकारू नये, असं केंद्राच्या परिपत्रकातच आहे. म्हणून भरलेल्या कराचा अर्ज करताना चालू वर्षाचं एलयूटीही त्याच दिवशी भरून टाका. त्याला शुल्क लागत नाही.