गॅसशिवाय खिचडी आणि काप

गॅस जोडणी नसलेल्या खोलीत रात्रीचं जेवण म्हणजे फक्त ब्रेड किंवा बाहेरचा डबा, असं व्हायला नको. मायक्रोवेव्ह आणि एअर फ्रायर असेल तर मुगाची खिचडी, वांग्याचे काप आणि पापड असं साधं, पोटभर जेवण जमतं.

डाळ मुगाचीच घ्या. तूरडाळ शिजायला जास्त वेळ लागतो, मायक्रोवेव्हमध्ये ती कच्चट राहू शकते. दोघांसाठी अर्धी वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मूगडाळ धुऊन अर्धा तास भिजत घाला. ही भिजवण टाळू नका, कारण पाणी वरवर उकळलं तरी दाणा आतून शिजायला वेळ घेतो.

आता फोडणी. मायक्रोवेव्हला चालणाऱ्या मोठ्या काचेच्या भांड्यात दोन चमचे तेल, मोहरी आणि जिरं घाला, झाकण तिरकं ठेवा आणि दीड-दोन मिनिटं पूर्ण शक्तीवर चालवा. प्लास्टिकचं भांडं घेऊ नका, तेल इतकं तापतं की ते वितळू शकतं. तडतड थांबली की भांडं जाड फडक्याने धरून बाहेर काढा आणि हिंग, हळद, कढीपत्ता घाला. ओला कढीपत्ता तेल उडवतो, म्हणून तो पुसून घ्या. मग निथळलेले डाळ-तांदूळ, मीठ आणि साडेतीन वाट्या पाणी. भांडं निम्म्याहून जास्त भरलं, तर खिचडी उतू जाऊन आतली काचेची ताटली माखते.

८०० वॉटच्या मायक्रोवेव्हमध्ये आधी आठ मिनिटं पूर्ण शक्तीवर आणि मग दहा मिनिटं निम्म्या शक्तीवर ठेवा. डाळीचा दाणा बोटात सहज चिरडला की झालं. टणक लागला तर थोडं गरम पाणी घालून आणखी तीन-चार मिनिटं. मग झाकून दहा मिनिटं मुरू द्या. या वेळात उरलेलं पाणी दाण्यात शिरतं आणि खिचडी मऊ होते.

खिचडी मुरत असताना काप करा. दोन्ही यंत्रं एकाच वेळी लावू नका. मिळून अडीच हजार वॉटच्या वर जातात, आणि एका एक्स्टेंशन बोर्डावर एवढा भार धोक्याचा. एअर फ्रायरही १६ अँपियरच्या सॉकेटलाच लावा.

वांग्याच्या चकत्यांना मीठ, तिखट, हळद चोळून तांदळाच्या पिठात घोळवा आणि दोन्ही बाजूंना तेल लावा. तेल कमी पडलं तर पीठ पांढरं, कोरडंच राहतं. १८० अंशांवर बारा मिनिटं ठेवा, निम्म्यावर उलटा. चकत्या एकावर एक नकोत, नाहीतर कुरकुरीत होण्याऐवजी वाफलतात. भज्यांचं ओलं पीठ मात्र जाळीतून खाली गळतं, ते या यंत्राचं काम नाही.

उडदाचा पापड शेवटी, जेवायला बसताना, मायक्रोवेव्हमध्ये पाऊण मिनिट.